वाचून दाखवता येईल तेवढंच

माई चिडल्या की त्यांचा आवाज खाली जातो, माझा वर जातो. त्यामुळे आमच्या वॉर्डात काही वाजलं की बाहेरच्यांना वाटतं, मी एकटीच भांडतेय आणि माई बिचाऱ्या ऐकून घेतायत. तसं अजिबात नसतं. पण मी सांगतेय त्या आठवड्यात मात्र मी खरोखरच इतकी चिडले होते की डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला होता. अजूनही तो विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा मध्येच कुठे माझी जीभ सैल सुटली तर समजून घ्या.

आमचा वॉर्ड खाण्याच्या आजारांचा. लोकांना हे सांगितलं की हमखास विचारतात, ‘म्हणजे फार खातात का?’ काही फार खातात, काही खाऊन ओकतात, आणि काही खाणंच सोडून देतात. सोडतात म्हणजे रुसून नाही. भूक लागते, समोर पाव असतो, आणि तो तोंडात घालणं म्हणजे विस्तव गिळण्यासारखं वाटतं. मी इथली समाजसेविका. घरच्यांशी बोलायचं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे आणि विमा कंपन्यांशी डोकं फोडायचं, हे माझं काम. माई वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. पोरीच त्यांना माई म्हणायला लागल्या, मग डॉक्टरही म्हणायला लागले.

माई ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेली, बूट तळ बदलून बदलून वापरलेले. इथे यायच्या आधी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होत्या. इथली रीत अशी की जेवताना सिस्टरनेही पोरींबरोबर टेबलावर बसून तेच ताट जेवायचं, पूर्ण. पोरींची नजर तुमच्या घासावर असते. तुम्ही पावाची कड बाजूला ठेवलीत की दुसऱ्या मिनिटाला सगळ्या टेबलावर कडा बाजूला. माईंना पित्ताचा त्रास, पण वर्षानुवर्षं त्या अंड्याच्या पिवळ्यासकट सगळं संपवत आल्यात. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काम करतात. ते मला एकदा म्हणाले, “घरीसुद्धा ही माझ्या ताटाकडे बघत बसते हो. मी भात टाकला की विचारते, आज मन बरं नाही का?”

आणि माईंचा एक नियम होता. रोज संध्याकाळी त्या प्रत्येक पोरीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि त्या दिवशीची नोंद तिला वाचून दाखवायच्या. जे तिच्या तोंडावर वाचता येणार नाही ते लिहायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. पूर्वी एका मुलीने चुकून स्वतःचा कागद वाचला होता. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘खोटारडी आहे, लक्ष वेधून घेते.’ ती दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघून गेली, परत आली नाही. पुढे तिचं काय झालं ते माई सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. तेव्हापासून माईंच्या नोंदी खऱ्या असायच्या, पण मऊ. ‘आज दूध पूर्ण प्यायली. सहकार्य केलं. दुपारी हसली.’

उरलेलं अर्धं तोंडी चालायचं. पाळी बदलताना खोलीचं दार लावून एक सिस्टर दुसरीला सांगायची, दूध प्यायली पण मी ग्लास धरून समोर उभी होते म्हणून. सहकार्य केलं पण पावाचा तुकडा बाहीत सापडला. हसली, पण हात बर्फासारखे होते. आमच्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. कागदाला ठाऊक नव्हतं, आणि तोच कागद विमा कंपनीकडे जायचा.

आता त्या पोरीबद्दल सांगते. वय एकोणीस. वडील बसचालक, आई लहानपणीच गेलेली. वडील तिला ‘राजा’ म्हणायचे, म्हणून आम्हीही राजाच म्हणायला लागलो. दाखल झाली तेव्हा तिला स्ट्रेचरवरून आणलं होतं, कारण उभं केलं की रक्तदाब कोसळायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. झोपेत हृदयाचे ठोके मिनिटाला पस्तीसच्या आसपास यायचे. रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट खाली. असल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घालता येत नाही. उपाशी शरीराला अन्न जपून द्यावं लागतं, नाहीतर रक्तातले क्षार आणखी घसरतात आणि हृदय दगा देतं. पहिले काही दिवस रोज रक्त तपासत, चमच्या चमच्याने चाललं होतं.

याआधी दोनदा तिला दिवसा येऊन संध्याकाळी घरी जायच्या उपचारांत घातलं होतं. दोन्ही वेळा ती आणखी वाळली. वडील पहाटेच्या पाळीमुळे लवकर झोपायचे, रात्रीचं जेवण ती एकटी. एकटी म्हणजे जेवण नाही, इतकं सरळ गणित होतं ते.

आमच्याकडे वजन घेताना पोरीला काट्याकडे पाठ करून उभं करतात. आकडा तिला सांगत नाहीत. आकडा वाढला तरी घात, घटला तरी घात. तिच्या डोक्यातला आजार आकड्यावरच जगतो. वडिलांनासुद्धा आम्ही सांगितलं होतं, घरी वजनाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की वॉर्डात आल्यावर बस ‘जड’ झाली होती असंसुद्धा म्हणायचे नाहीत.

राजा सावरत होती. हळू, पण सावरत होती. आणि मग पत्र आलं.

पत्र घरी आलं, पोरीच्या नावाने, कारण ती सज्ञान. वडील सरळमार्गी माणूस. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, मग ते लेकीचं का असेना. लिफाफा खिशात जपून घालून ते भेटीच्या वेळेला आले आणि म्हणाले, “तुझं पत्र आलंय, राजा.” पोरीने ते त्यांच्यासमोरच उघडलं.

कंपनीने लिहिलं होतं की यापुढे रुग्णालयात राहणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक दिसत नाही. रुग्णाची प्रकृती स्थिर आहे, वजन अमुक इतक्यावर आलं आहे, रुग्ण सर्व आहार पूर्ण घेते, सहकार्य करते. उपचार दिवसाच्या केंद्रात होऊ शकतात. या आठवड्यानंतर मंजुरी नाही. पटत नसेल तर अपील करता येईल.

अमुक इतक्यावर. आम्ही दीड महिना जो आकडा जिवापाड जपला, तो त्या शहाण्यांनी छापून, लिफाफ्यात घालून, तिच्या हातात पोचवला. आणि पाठवणाऱ्याला याची गंधवार्ताही नसणार. कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी ठरलेल्या मजकुरात आकडा भरला असेल आणि चहा प्यायला गेलं असेल.

त्या दुपारी राजाने जेवणाला हात लावला नाही. रात्रीही नाही. माई समोर ताट घेऊन बसल्या, स्वतःचं जेवल्या. पोरीने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. डॉक्टर चाळिशीचे, हुशार, पण संतापले की टेबलावरचं पेन उघडझाप करत राहतात. मी पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदाला थांबले. तिथे आमच्याच नोंदींमधली वाक्यं अवतरणचिन्हांत होती. ‘दूध पूर्ण प्यायली.’ ‘सहकार्य केलं.’ ‘दुपारी हसली.’ ‘आज जेवणानंतर छान गप्पा मारल्या.’ ओळीने सगळी माईंची.

माईंनी चष्मा काढला आणि त्या तो रुमालाने पुसत बसल्या.

“माई, हे काय आहे?” डॉक्टर म्हणाले. “बाहीतला पाव कुठाय? न्हाणीघरात दाराला कडी लावून उठाबशा काढत होती, ते कुठाय? वजनाच्या आधी नळाचं पाणी ढोसलं होतं, ते?”

“ते पाळी बदलताना सांगितलं होतं,” माई म्हणाल्या.

“कंपनी पाळी बदलायला येते का?”

मी मध्ये पडले. म्हटलं, चूक माईंची असेल तर ती या खोलीत निस्तरू, पण आधी ते बघा की तिकडे बसलेल्याने ‘हसली’ हा शब्द उपचार संपल्याचा पुरावा म्हणून वापरलाय. पोरगी हसली म्हणून हृदय बरं होतं का? ज्याला इतकंही कळत नाही त्याने सही कशी ठोकली? मी बरंच काही बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्याजोगं नाही.

डॉक्टर पेन उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, “माई, जुन्या नोंदींच्या खाली जागा आहे. एकेक ओळ घाला. खरंच तर आहे सगळं. कुणाला कळणार?”

माईंचा आवाज एकदम खाली गेला. “घालणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी लिहिलं नाही ते त्या दिवशी लिहिल्यासारखं दाखवणार नाही. उद्या कुणी धरलं तर पोरीचे खरे आकडेही खोटे ठरतील. मी आजची तारीख घालून लिहीन. काय पाहिलं ते, आणि तेव्हा का लिहिलं नाही तेही. खाली सही करीन.”

डॉक्टर ओशाळले. “चिडून बोललो मी,” ते म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

मग आम्ही कामाला लागलो. अपिलाचं पत्र म्हणजे गयावया नव्हे, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. ‘कृपया सहानुभूतीने विचार करावा’ असं लिहिलं की समोरचा तोंडाला पानं पुसतो. त्यांनी ज्या कारणाने नाकारलं त्या प्रत्येक कारणाची मान धरावी लागते. पहिलं म्हणजे, रुग्ण आत्ता वॉर्डात आहे, म्हणून हे तातडीचं अपील आहे, महिनाभराने उत्तर नको. दुसरं, नाकारताना कुठले निकष लावले ते लेखी द्या. तिसरं, फेरविचार मानसोपचाराच्या, खाण्याचे आजार हाताळलेल्या डॉक्टरांनी करावा.

आणि मग मुद्दे. प्रकृती स्थिर आहे म्हणता? मग हृदयाच्या यंत्राच्या पट्ट्या बघा, झोपेत ठोके अजून चाळीसच्या खाली जातात. उभं राहिल्यावर नाडी आणि रक्तदाब किती बदलतो ते बघा. वजन वाढलं म्हणता? सुरुवातीची वाढ बरीचशी शरीरात साठलेल्या पाण्याची असते, आणि तुम्ही जो आकडा छापलात त्या सकाळची लघवीची तपासणी सोबत जोडली आहे. ती इतकी पातळ होती की तो आकडा नळाच्या पाण्याचा होता. सगळं ताट संपवते म्हणता? समोर सिस्टर बसली म्हणून संपवते, जेवणानंतर तासभर कुणीतरी शेजारी असतं म्हणून ते पोटात राहतं. मागच्या पंधरवड्यात दोन दिवस पहारा कमी करून पाहिला, दोन्ही दिवस ताट निम्मं परत आलं आणि वजन घसरलं. दिवसाचं केंद्र सुचवता? तिथे दोनदा हरून ती इथे आली आहे, त्याचे कागद हे. इतक्या कमी वजनावर घरी पाठवलं तर ती पुन्हा स्ट्रेचरवरून येण्याची शक्यता मोठी आहे. शेवटी, आम्हाला नेमकं काय हवंय ते. किती आठवडे, आणि काय साधलं म्हणजे आम्हीच तिला सोडू. झोपेतले ठोके कुठवर यायला हवेत, वजन कुठवर, पहाऱ्याशिवाय सलग किती दिवस ताट संपायला हवं. कंपनीला शेवट दिसावा लागतो, नाहीतर त्यांना वाटतं हे लोक रुग्णाला दत्तकच घेतायत.

डॉक्टर सांगत होते, मी टंकत होते. रागाने माझी बोटं इतकी जोरात पडत होती की शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारायला आलं.

माईंचं निवेदन जोडायचं होतं. त्यांनी ते हाताने लिहिलं. पान भरलं तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, “आता वाचून दाखवते.”

“कुणाला?” मी विचारलं.

“जिच्याबद्दल आहे तिला.”

डॉक्टर म्हणाले, “माई, आत्ता नको. काल दुपारपासून पोटात काही नाही तिच्या.” मीही तेच म्हटलं. असल्या कागदाचं दुहेरी संकट असतं. पोरीला वाटेल, माईंनी पाठीत सुरा खुपसला. आणि आजाराला वाटेल, आपलं कौतुक चाललंय. या आजाराला ‘गंभीर’ हा शब्द पदकासारखा लागतो. किती तरी पोरी विचारतात, माझ्याहून बारीक कुणी होती का इथे?

“आत्तापर्यंत गोड तेवढं वाचून दाखवलं,” माई म्हणाल्या. “हे तिच्यामागे पाठवलं तर माझं आधीचं सगळंही खोटं होईल.”

त्यांनी खुर्ची ओढली. मी दारात उभी राहिले. राजा भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंगावर दोन ब्लँकेटं. माईंनी वाचायला सुरुवात केली. बाहीतला पाव. न्हाणीघरातल्या उठाबशा. नळाचं पाणी. आवाज सपाट, रोज ‘दूध पूर्ण प्यायली’ वाचायचा तसाच. मग त्यांनी वाचलं, ‘माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या अत्यंत गंभीर रुग्णांपैकी ही एक आहे.’

राजा वळली. डोळे चमकत होते. “खरंच?” तिने विचारलं. “अत्यंत?”

माईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ सरळ खोडली.

“का खोडलं?” राजा म्हणाली.

“तुला आवडली म्हणून,” माई म्हणाल्या. “ती ओळ तुझ्या आजाराला खाऊ घालत होती. त्याला मी काही खाऊ घालणार नाही. तू जेव, त्याला उपाशी राहू दे.”

पोरगी चिडली. इतक्या दिवसांत मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं, नुसतं विझलेलं पाहिलं होतं. “तुम्हाला सगळं ठाऊक होतं,” ती म्हणाली, “आणि मला वाचून दाखवायचात की मी हसले. मला वाटायचं, माईंना काही दिसतच नाही. मला वाटायचं, मी जिंकले.”

“दिसायचं,” माई म्हणाल्या. “बोलले नाही. ते चुकलं माझं.”

राजाने विचारलं, “हे कंपनीला पाठवणार?”

“तू हो म्हणालीस तर. तुझे कागद आहेत.”

“मग एक राहिलंय. तेही लिहा.” ती उठून बसायला लागली, अंधारी आली तशी थांबली, माईंनी पाठीला हात लावला. “त्यांचं पत्र वाचलं ना, तेव्हा मला आनंद झाला. आकडा बघून रडायला आलं, पण सोडणार म्हटल्यावर आनंद झाला. लगेच ठरवलं, बाबा पहाटे गेले की काय काय करायचं ते. कुठल्या दिवशी काय टाकून द्यायचं, सगळं. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता. त्या आनंदाचीच मला भीती वाटते. मी घरी गेले तर तो मला मारून टाकेल.”

माईंनी शब्दाला शब्द लिहून घेतलं. खाली राजाने सही केली. सही वाकडी आली. मी तोंड फिरवून कॉरिडॉरमध्ये गेले आणि नळ सोडून तोंड धुतलं. रडले, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

अपील गेलं. कंपनीने डॉक्टरांना त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला वेळ दिला. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलत होता, असल्या माणसांचा मला जास्त राग येतो. तो म्हणाला, “पण तुमच्या नोंदींत तर रुग्ण आनंदी दिसते.”

आमच्या डॉक्टरांनी विचारलं, “आपला विषय कोणता?”

“मी अस्थिरोगतज्ज्ञ.”

हाडांचा डॉक्टर. पोरीचं हृदय, पोरीचं डोकं, आणि निर्णय हाडांच्या डॉक्टरचा. इथेच मी फोन हातात घेतला होता. मी त्याला म्हटलं, “साहेब, उद्या तुमच्याकडे मोडका पाय आला आणि मी लिहिलं की पेशंट हसतोय, प्लास्टर काढा, तर काढाल का?” इथेच डॉक्टरांनी फोन काढून घेतला, आणि शांतपणे सांगितलं की लेखी मागितल्याप्रमाणे या विषयातले डॉक्टर मिळेपर्यंत आम्ही हे बोलणं झालं असं धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी फार काही विचारलं नाही. झोपेतले ठोके कुठवर जातात, पहारा कमी केल्यावर नेमकं काय झालं, घरी रात्री कोण असतं. मग म्हणाल्या, “रुग्णाने स्वतः सांगितलंय ते मी वाचलं. तिला आज काही खायला घातलंत का?”

“आज सकाळी सूप,” डॉक्टर म्हणाले. “समोर बसून.”

निर्णय आमच्या बाजूने लागला. पण कसा? आम्ही मागितले त्याच्या निम्मे आठवडे, पुढे पुन्हा तपासणी. आणि कारण काय दिलं, तर ‘नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीच्या आधारे’. नव्याने म्हणे. हृदयाच्या पट्ट्या पहिल्या दिवसापासून यंत्रात पडून होत्या, विचारायचं यांना सुचलं नाही. चूक झाली, आकडा छापायला नको होता, याबद्दल एक ओळ नाही. मी त्यांना त्यावर वेगळं पत्र लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत दर आठवड्याला पाठवणार आहे, त्यांच्या नाकी नऊ आणल्याशिवाय सोडणार नाही.

मंजुरीचं पत्रही पोरीच्या नावाने घरीच आलं. वडील या वेळी कॉरिडॉरमध्येच घुटमळत होते. लिफाफा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मला म्हणाले, “मॅडम, हे फोडायचा मला हक्क नाही, आणि तिच्या हातात द्यायची हिंमत नाही. मागच्या वेळी मीच दिलं होतं.” मी त्यांना म्हटलं, तुम्ही नाही दिलंत, त्यांनी दिलं. पटलं नाही त्यांना.

आत जाऊन त्यांनी राजाला विचारलं, “कुणी उघडायचं?”

“माईंना द्या,” ती म्हणाली. “त्या वाचतील. आकडा सोडून.”

माईंनी उघडलं, आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. एका ठिकाणी थांबल्या, पुढच्या ओळीवर गेल्या. मंजूर, असं वाचल्यावर वडिलांनी डोळे मिटले. राजाचा चेहरा मात्र पडला. ती हमसून रडायला लागली. इतकं सगळं करून राहायला मिळालं, आणि पोरगी रडतेय की राहावं लागणार. वडील गोंधळून माझ्याकडे बघत होते. हे रडणं आजाराचं आहे हे मला माहीत होतं, तरी मनातून राग आलाच, तिचा नाही, तिच्या आत बसलेल्याचा.

संध्याकाळी माईंनी नेहमीसारखी खुर्ची ओढली. आता त्यांच्या नोंदी लांब झाल्यात, दोन्ही अर्धी एकाच कागदावर येतात, आणि दोन्ही वाचली जातात. काही पोरी रुसतात, एकीने तर उशी फेकून मारली होती. माई उशी उचलून परत ठेवतात आणि पुढची ओळ वाचतात.

“मुक्काम वाढल्याचं कळल्यावर रडली,” माईंनी वाचलं. “वाईट वाटलं असं म्हणाली. जेवताना मी समोर बसले होते. भात संपवला. दूध अर्धं राहिलं.”

राजा पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिने माईंकडे पाहिलं नाही.

“अर्धं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ताट उचलत होतात तेव्हा मी निम्मं बेसिनमध्ये ओतलं. पोटात जवळजवळ काही गेलं नाही.”

माईंनी ‘अर्धं’ खोडलं, वर दुरुस्त करून लिहिलं आणि शेजारी सही केली. मग त्या दूध आणायला उठल्या.